अज्ञानाचे भाडे खाणारा समाज

गाळा भाड्याने देणारा मालक घेणाऱ्याची सगळी चौकशी करतो. धंदा कसला, आधी कुठे होता, मागच्या मालकाशी वाद झाला होता का, घरात कमावते कोण, हे सारे तो विचारतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. पण घेणारा जेव्हा म्हणतो, "करारनामा दोन दिवस घरी नेऊन वाचतो," तेव्हा मालकाच्या कपाळावर आठी पडते. एजंट म्हणतो, "अहो, स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे हाच करतात." बरोबर आलेले थोरले भाऊ किंवा मामा कानात सांगतात, "आता शंका काढू नकोस, हातचा गाळा जाईल." मालकाने चौकशी केली तर ती दक्षता ठरते आणि भाडेकरूने कागद वाचायला मागितला तर तो अविश्वास ठरतो. हा रिवाज आपण सर्वांनी मिळून पाळला आहे, आणि त्यावर चांगल्या घरांचे उत्पन्न उभे आहे.

माझा आरोप या रिवाजावर आहे. दुकानाच्या करारात भाडेवाढ, मुदतवाढ आणि लॉक-इन ही तीन कलमे असतात. प्रत्येक कलम एकेकटे वाचले तर ते रास्तच वाटते. पण ती मुद्दाम लांबलांब ठेवलेली असतात, आणि एकत्र लागू झाली की त्यांतून असे ओझे तयार होते ज्याला भाडेकरूने समजून कधी होकार दिलेला नसतो. सही त्याची असते, संमती त्याची नसते. आणि हे माहीत असूनही जे गप्प राहतात ते सारे या व्यवहारात भागीदार आहेत.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. आपण ज्यावर अंगठा उठवला त्या कागदात नेमके काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि कोर्ट मात्र त्या कागदालाच सत्य मानत होते. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने कोर्टाला सांगितले की केवळ रोख्यावर विसंबू नका, व्यवहाराचा मागचा इतिहास तपासा. शेतकऱ्याचे दस्त गावच्या नोंदणी-अधिकाऱ्यासमोर व्हावेत अशीही तरतूद त्या कायद्यात होती. परक्या सरकारलाही हे पटले होते की न समजलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आज आपण साक्षर झालो आहोत. एजंट बायोमेट्रिक यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, अंगठा यंत्रावर टेकतो, फोटो निघतो आणि दस्त नोंदला जातो. कागदातला मजकूर अंगठा देणाऱ्याला कळला का, हे विचारणारा त्या खोलीत बहुधा कोणी नसतो.

हे ओझे कसे तयार होते ते एका उदाहरणात पाहू. माझ्यासमोर आलेल्या करारांतली कलमे यात एकत्र केली आहेत आणि आकडे सोपे ठेवले आहेत. पुण्याच्या उपनगरात एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. १ एप्रिल २०२३ पासून त्यांनी एक गाळा लिव्ह अँड लायसन्सने घेतला. महिना ३०,००० रुपये, डिपॉझिट २ लाख. तोंडी ठरले ते एवढेच: "तीन वर्षांचा करार, दरवर्षी दहा टक्के वाढ, दोन वर्षे लॉक-इन." बाईंनी मनात हिशेब केला. पुढच्या वर्षी तेहतीस, मग छत्तीस, आणि पुढे राहिलोच तर एकोणचाळीस. धंद्याला झेपेल असा तो आकडा होता. करारनामा इंग्रजीत होता. बाईंना मराठी उत्तम वाचता येत होते, पण तो कागद त्यांच्यासाठी बंद होता.

आता कागद उघडू. कलम ३ म्हणते की मुदत ६० महिन्यांची असून त्यातले पहिले ३६ महिने प्राथमिक मुदत आणि पुढचे २४ महिने वाढीव मुदत आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या दस्ताला मुद्रांक शुल्काची जी सवलतीची आकारणी आहे, ती ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीला लागते. त्यामुळे साठ हा आकडा कागदावर दिसला तरी कोणाला खटकत नाही. कलम ५ म्हणते की दर बारा महिन्यांनी त्या वेळच्या फीवर १० टक्के वाढ होईल. कलम ९ म्हणते की पहिल्या २४ महिन्यांत लायसन्सीला गाळा सोडता येणार नाही, आणि सोडला तर उरलेल्या महिन्यांची सगळी फी एकरकमी द्यावी लागेल. इथवर तोंडी बोलणे आणि कागद बहुतेक जुळतात. बाईंना कोणी हीच पाने वाचून दाखवली असती तरी त्यांनी मान डोलावली असती.

खरा मजकूर पुढे आहे. काही पानांपलीकडचे कलम १६ म्हणते की प्राथमिक मुदत संपण्यापूर्वी १८० दिवसांच्या आधी नाही आणि १२० दिवसांच्या नंतर नाही, अशी लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने दिली नाही तर वाढीव मुदत आपोआप सुरू होईल. आणि शेवटच्या सह्यांनंतर जोडलेल्या परिशिष्टात दोन ओळी आहेत. एक ओळ अशी: या करारात अन्यत्र काहीही असले तरी, वाढीव मुदत सुरू होताना त्या वेळी देय असलेल्या फीवर २५ टक्के वाढ होईल. दुसरी ओळ अशी: वाढीव मुदतीला कलम ९ नव्याने लागू होईल.

ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी. लॉक-इन २४ महिन्यांचे आणि वाढीव मुदतही २४ महिन्यांचीच. म्हणजे नोटिशीची तारीख चुकली की पुढची दोन वर्षे पूर्ण बंद. "दोन वर्षे लॉक-इन" हे तोंडी शब्द खोटे नव्हते. फक्त ती दोन वर्षे दोनदा मोजायची होती, हे सांगितले गेले नव्हते.

तारखा मांडू. प्राथमिक मुदत ३१ मार्च २०२६ ला संपणार. त्याआधी १८० दिवस म्हणजे २ ऑक्टोबर २०२५, आणि १२० दिवस म्हणजे १ डिसेंबर २०२५. नोटीस द्यायची खिडकी एवढीच. २ ऑक्टोबरला त्या वर्षी दसरा होता. पुढचे तीन आठवडे बाई फराळाच्या ऑर्डरींत बुडालेल्या. दिवाळीत त्यांनी मालकांच्या घरी फराळाचा डबा नेला तेव्हा बोलता बोलता सांगितलेही, "मार्चमध्ये गाळा सोडीन म्हणते, समोरची कंपनी हलली, गिऱ्हाईक कमी झाले." मालक म्हणाले, "बघू, अजून वेळ आहे." जानेवारीत बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. मग मालकांनी कलम १६ दाखवले.

आता आकडा मांडू. तिसऱ्या वर्षी फी ३६,३०० झाली होती, कारण दहा टक्के दर वेळी वाढलेल्या रकमेवर लागतात. १ एप्रिल २०२६ ला कलम ५ ची नेहमीची दहा टक्के वाढ लागणार, म्हणजे ३९,९३०. त्यावर परिशिष्टातले २५ टक्के, म्हणजे ४९,९१२ रुपये ५० पैसे. पाचव्या वर्षी पुन्हा दहा टक्के, म्हणजे सुमारे ५४,९०४. बाईंनी मनात धरलेला चौथ्या वर्षाचा आकडा होता ३९ हजार. आणि गाळा मार्चअखेर सोडलाच तर कलम ९ प्रमाणे वाढीव मुदतीची सगळी फी मागितली जाणार: १२ लाख ५७ हजार ७९५ रुपये. जेमतेम चाललेल्या पोळी-भाजीच्या धंद्याने, न वापरलेल्या गाळ्यासाठी.

याउलट कलम १४ पाहावे. मालकाला वाटेल तेव्हा, कारण न देता, ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येतो. बाईंनी गाळ्यात ओटा बांधला, धुराडे बसवले, पाण्याची लाइन घेतली. त्या खर्चाची भरपाई मागणार नाही असेही त्यांच्याकडून लिहून घेतले आहे. म्हणजे बांधिलकी एकाच बाजूला आहे. भाडेकरू दोन वर्षे हलू शकत नाही आणि मालक महिन्याभरात हाकलू शकतो. ज्या कलमाला दोघांचे स्थैर्य म्हणून विकले जाते त्यात स्थैर्य फक्त मालकाच्या उत्पन्नाला आहे.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना. कायदा आहे, आणि तो मालकाला वाटते तितका मालकाचा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देईल आणि लिहिलेली रक्कम ही फक्त तिची वरची मर्यादा. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते की नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहायचे. मालकाला दोन महिन्यांत दुसरा भाडेकरू मिळाला तर त्याचे नुकसान साधारण त्या दोन महिन्यांचे आणि नव्या दलालीचे. साडेबारा लाखांचे नव्हे. लॉक-इनची रक्कम मागणारे दावे आले की मालकाचे खरे नुकसान किती हा प्रश्न भाडेकरूच्या वकिलाने उभा करायलाच हवा. त्याचे उत्तर मात्र कलमाची भाषा आणि पुरावा पाहून ठरते, आणि प्रत्येक वेळी भाडेकरूच्या बाजूनेच लागेल असे नाही.

पण डिपॉझिट मालकाच्या खिशात आहे. मालकाने काही करायचे नाही, नुसते परत द्यायचे नाही. वकील लावणे, कोर्टफी भरणे, तारखांना दुकान बंद ठेवून जाणे, हे सगळे बाईंनी करायचे. दोन लाखांसाठी कोण वर्षानुवर्षे हेलपाटे घालील? म्हणून बाई वाटाघाटीला बसतात आणि मालक मोठ्या मनाने म्हणतात, "जाऊ दे, डिपॉझिट सोडा, बाकीचे माफ." बारा लाखांची धमकी देऊन दोन लाख घेतले जातात, आणि घेणाऱ्याला आपण उपकार केल्याचे समाधान मिळते. या कलमाचे खरे काम हेच आहे. ते कोर्टात टिकावे म्हणून लिहिलेले नाही. माणसाने कोर्टापर्यंत जाऊच नये म्हणून लिहिलेले आहे.

शिवाय दुकानदाराचा एक भ्रम फार जुना आहे, की बसलेल्याला कायदा उठवू देत नाही आणि भाडे वाढवू देत नाही. जुन्या पागडीच्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जे संरक्षण देतो ते लिव्ह अँड लायसन्सने बसलेल्या दुकानदाराला मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे त्याचा कागद. २०२० च्या टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाचे भाडेकरू भाडे थांबवण्याची मागणी घेऊन उच्च न्यायालयात गेले. भाडे थांबवून मिळाले नाही, फक्त भरण्याच्या वेळेत थोडी सवलत मिळाली. अशा प्रसंगी करारात काय लिहिले आहे हे पाहावे लागते, असे न्यायालयाने सांगितले. संकटाच्या दिवशी दया शोधणाऱ्याला शेवटी कलमच शोधावे लागते. ते सहीच्या दिवशी शोधणेच शहाणपणाचे.

आता दोषी कोण ते सांगतो. नावे घेणार नाही, कारण हे एकाचे पाप नाही.

पहिला दोष मालकाचा. लॉक-इन हे स्वतः पाप नाही, हे मी मान्य करतो. मालकानेही दलाली दिलेली असते, रंगकाम केलेले असते, कधी पहिल्या महिन्याची फी सोडलेली असते. दोनच महिन्यांत कोणी उठून गेला तर त्याचे खरे नुकसान होते. भाडेवाढही रास्त आहे, महागाई त्यालाही आहे. पण जी गोष्ट रास्त आहे ती परिशिष्टात का लपवावी लागते? तोंडाने "दहा टक्के" सांगायचे आणि कागदात चौथ्या वर्षी साडेसदतीस टक्के वाढ बसवायची, याला व्यवहारचातुर्य म्हणणाऱ्यांनी तीच रक्कम पहिल्या दिवशी तोंडाने सांगून पाहावी. सांगता येत नसेल तर ती घेऊही नये. देवळाला देणगी देणारे आणि शाळेच्या समितीवर बसणारे लोक हे करतात, म्हणूनच ते अधिक लाजिरवाणे आहे.

दुसरा दोष मधल्या माणसाचा. एजंट अनेकदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो आणि मसुदा मात्र एकाच बाजूचा वापरतो. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला तीन कलमे वाचून दाखवणे हे त्याचे किमान कर्तव्य आहे. मसुदा करणारे वकीलही यातून सुटत नाहीत. पक्षकाराचे हित पाहणे हा वकिलाचा धर्म आहेच, पण एकच भाडेवाढ दोन ठिकाणी विभागून लिहिणे आणि लॉक-इन पुन्हा सुरू करणारी ओळ सह्यांच्या मागे ठेवणे यात हित कमी आणि सापळा जास्त आहे.

तिसरा दोष भाषेचा नव्हे, भाषा निवडणाऱ्यांचा. पुण्यातला मराठी मालक आणि मराठी भाडेकरू यांच्यातला करार इंग्रजीत असण्याचे काहीही कारण नाही. नोंदणी कायद्यात जिल्ह्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त हाच नियम आहे आणि मराठी दस्त राज्यात रोज नोंदले जातात. इंग्रजीचा आग्रह दोघांच्या सोयीसाठी नसतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला प्रश्न विचारायला लाज वाटावी, एवढाच त्याचा उपयोग होतो.

चौथा दोष नोंदणी चुकवणाऱ्यांचा. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे" हे वाक्य महाराष्ट्रात अजून छातीठोकपणे बोलले जाते. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की भाडेकराराचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा दस्त लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करीपर्यंत. इतके मोठे हत्यार कायद्याने भाडेकरूच्या हाती दिले, आणि ते आपल्याकडे आहे हे किती दुकानदारांना ठाऊक असते?

पाचवा दोष आपला, शिकलेल्यांचा. त्या बाईंच्या घरात पदवीधर पुतण्या होता. कंपनीत तो स्वतः करार तपासतो. काकूंचा कागद मात्र त्याने फोटोत पाहून "ठीक वाटतंय" असे कळवले. व्यापारी संघटना दिवाळीचा फलक लावतात, पण आपल्या सभासदांसाठी मराठी नमुना-करार छापत नाहीत. आपण लेकींना स्वयंरोजगार करा म्हणून सांगतो, कर्ज मिळवून देतो, उद्घाटनाला फीत कापतो. पण ज्या कागदावर तो सगळा धंदा उभा राहणार तो वाचायला आपल्याला अर्धा तास मिळत नाही.

आणि सहावा दोष खुद्द दुकानदाराचा. "आमचा व्यवहार शब्दावर चालतो" असे अभिमानाने सांगणारा माणूस सहीच्या वेळी त्या अभिमानाची किंमत मोजतो. समोरच्याचा शब्द खरा असेल तर तो कागदावर लिहायला समोरचा कचरणार नाही. कचरला तर शब्द खरा नव्हता हे सहीआधीच कळले. तोंडी बोलणे कागदात मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. शब्दाला जागण्याची संधी देण्याचा तो एकच मार्ग आहे.

मग वाचायचे कसे? पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचू नका. त्यात तीन कलमे एकमेकांपासून दूरच राहतात. एक कोरा कागद घ्या आणि करार त्यावर मोडून लिहा.

आधी पैसे. टक्के लिहू नका, रुपये लिहा. मुदतीतल्या प्रत्येक वर्षापुढे महिन्याची फी, आणि मुदतवाढीची वर्षेही त्यातच धरा. हे लिहिताना तीन प्रश्न विचारा: वाढ मूळ फीवर की वाढलेल्या फीवर, मुदतवाढीच्या वेळी वेगळी वाढ आहे का आणि ती नेहमीच्या वाढीऐवजी की तिच्याशिवाय आणखी, आणि मेंटेनन्स, कर यांनाही ही वाढ लागते का. उत्तर कुठल्या एका कलमात सापडणार नाही. व्याख्यांचे कलम, फीचे कलम आणि परिशिष्ट अशी तिन्ही ठिकाणे पाहावी लागतील. "अन्यत्र काहीही असले तरी" या शब्दांनी सुरू होणारे वाक्य दिसले की तिथे थांबा, कारण तुम्ही आधी वाचलेले ते वाक्य रद्द करते. मग हा तक्ता मालकापुढे ठेवा आणि म्हणा, "एवढेच रुपये करारात लिहा, टक्के नकोत." प्रामाणिक मालकाला यात अडचण नाही. बाईंनी हा तक्ता केला असता तर चौथ्या ओळीतला ४९,९१२ चा आकडा सहीआधी दिसला असता.

मग तारखा. ताबा कधी, फी कधीपासून, लॉक-इन कधी संपते, नोटिशीची खिडकी कधी उघडते आणि कधी मिटते, मुदत कधी संपते. दिवसांचे गणित करून प्रत्यक्ष तारखा लिहा आणि गल्ल्याशेजारी भिंतीवर लावा. लॉक-इन ताब्यापासून मोजायचे की फी सुरू झाल्यापासून, हेही विचारा. दुकान सजवायला दोन महिने लागले तर तेवढे ते पुढे सरकते. नोटीस तोंडी चालत नाही. कराराने जी पद्धत सांगितली तीच पाळा, आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

आणि शेवटी मागण्या. मुदतवाढ आपोआप नको; भाडेकरूने लेखी मागितली तरच ती व्हावी, आणि फी आधीच रुपयांत ठरलेली असावी. "परस्पर संमतीने मुदतवाढ" यावर विसंबू नका, कारण मालकाने संमती दिली नाही तर तुमच्या हाती काही नाही. लॉक-इन दोघांनाही असावे. मालकाने मुदतीत उठवले तर बांधकामाच्या खर्चाची भरपाई लिहून घ्यावी. लॉक-इन एकदाच, मुदतवाढीत पुन्हा नाही. मध्येच सोडायचे झाले तर देणे दोन-तीन महिन्यांच्या फीपुरते मर्यादित असावे, आणि गाळा पुन्हा भाड्याने गेला की ते थांबावे. डिपॉझिट ताबा दिल्याच्याच दिवशी परत मिळावे. यातले सगळे मिळेल असे नाही. गर्दीच्या पेठेत मालक म्हणेल, घ्यायचे तर घ्या नाहीतर निघा. तिथे निदान आपोआप मुदतवाढ आणि पुन्हा सुरू होणारे लॉक-इन, या दोन ओळींवर तरी अडून बसा. भाडे जास्त दिले तर धंदा चालवून ते भरून काढता येते. बाहेर पडण्याची वाट बंद झाली तर काही भरून निघत नाही.

मालकांनाही सांगणे आहे. मसुदा मराठीत द्या, सहीआधी आठ दिवस द्या, आणि पाच वर्षांचे रुपये पहिल्याच पानावर लिहा. व्यापारी संघटनांनी असा एक मराठी नमुना छापावा, आणि नव्या सभासदाचा करार वाचायला प्रत्येक पेठेत एक जाणकार माणूस नेमावा. एवढे केल्याने कोणाचे रास्त उत्पन्न कमी होणार नाही. कमी होईल ते फक्त समोरच्याच्या अज्ञानातून मिळणारे. ते उत्पन्न ज्यांना सोडवत नाही त्यांनी त्याला भाडे म्हणू नये, आणि ते घेताना पाहणाऱ्या आपण सर्वांनी त्याला व्यवहार म्हणू नये.